ऐकून वाचणाऱ्यांसाठी कॅप्शन

अंध आणि अत्यंत कमी दृष्टी असलेल्या व्यक्ती मोबाइल वापरतात त्या स्क्रीन रीडरच्या मदतीने. स्क्रीनवर जे आहे ते हे सॉफ्टवेअर मोठ्याने वाचून दाखवते. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आणि विंडोज संगणकावर विनामूल्य मिळणारे एनव्हीडीए ही त्यांतली परिचित नावे. डोळ्यांनी वाचणारा माणूस नको असलेला मजकूर नजरेआड करून हव्या त्या ओळीवर जातो. ऐकणाऱ्याला मात्र शब्द एकामागून एक, लिहिले असतील त्याच क्रमाने मिळतात. कॅप्शन सुगम करणे म्हणजे हा क्रम लक्षात घेऊन लिहिणे. त्यात तीन गोष्टी येतात: इमोजी, हॅशटॅग आणि चित्राचे वर्णन.

एक उदाहरण घेऊ. एका वाचनालयाने दिवाळी अंकांचे प्रदर्शन भरवले आहे. इन्स्टाग्रामवर त्याचे पोस्टर टाकले आहे आणि खाली पुढील कॅप्शन आहे:

🪔🪔🪔✨✨✨ या, पाहा, वाचा! ✨✨✨🪔🪔🪔 सविस्तर माहिती पोस्टरवर 👆 #diwaliank #pustakpradarshan #marathivachan

प्रत्येक इमोजीला युनिकोडमध्ये ठरलेले नाव असते आणि स्क्रीन रीडर ते नाव उच्चारतो. आवाजाची भाषा इंग्रजी असेल तर पणतीचे चिन्ह ‘डिया लॅम्प’ म्हणून ऐकू येते, चांदण्यांचे ‘स्पार्कल्स’ म्हणून. काही स्क्रीन रीडर सलग आलेली सारखी चिन्हे मोजून एकदाच सांगतात, पण सगळे तसे करत नाहीत. त्यामुळे वरच्या कॅप्शनमध्ये पहिला मराठी शब्द कानी पडण्याआधी सहा चिन्हांची नावे ऐकावी लागू शकतात आणि तीन शब्दांनंतर पुन्हा सहा. शेवटचे वर दाखवणारे बोट तर निरुपयोगीच ठरते, कारण ते ज्या पोस्टरकडे बोट दाखवते त्यातला मजकूर स्क्रीन रीडरला सहसा मिळतच नाही. पोस्टरवरची अक्षरे चित्राचा भाग असतात, मजकूर नसतात.

म्हणून इमोजी एक-दोनच असावेत आणि ते वाक्य संपल्यावर यावेत. शब्दाच्या जागी इमोजी घातला की वाक्याचा अर्थच त्या चिन्हाच्या नावावर अवलंबून राहतो. ‘उद्या भेटू’ऐवजी ‘उद्या’ आणि पुढे हात जोडल्याचे चिन्ह टाकले, तर लिहिणाऱ्याच्या मनातली भेट ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. यादीतल्या प्रत्येक मुद्द्याआधी ठिपक्याऐवजी इमोजी लावण्याची पद्धतही त्रासदायक आहे, कारण दर ओळीला तेच नाव आधी ऐकावे लागते. इंग्रजी मजकुरासाठी वापरली जाणारी वळणदार ‘फॅन्सी’ अक्षरेही टाळावीत. ती खरे तर गणिती चिन्हे असतात. स्क्रीन रीडर त्यांचे एकेक अक्षर चिन्हाच्या लांबलचक नावासह वाचतो किंवा ती पूर्ण वगळतो.

हॅशटॅगमध्ये शब्दांच्या मध्ये जागा सोडता येत नाही, आणि अडचण तिथेच सुरू होते. रोमन लिपीत सगळी अक्षरे छोटी असली की स्क्रीन रीडर तो एकच शब्द समजून उच्चारू पाहतो. उपाय सोपा आहे. प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे करावे: #marathivachan याऐवजी #MarathiVachan. छोट्या-मोठ्या अक्षरांमुळे टॅग बदलत नाही, दोन्ही प्रकारे लिहिलेल्या पोस्ट एकाच ठिकाणी सापडतात. याचा फायदा डोळसांनाही होतो. २०१३ मध्ये ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या निधनानंतर #nowthatchersdead हा टॅग पसरला, तेव्हा अनेकांनी शब्द चुकीच्या जागी तोडले आणि गायिका शेर यांचे निधन झाले असा समज करून घेतला. मोठी अक्षरे वापरली असती तर तो गोंधळ टळला असता.

देवनागरीत मोठी अक्षरे नाहीत. तिथे शब्द वेगळे ठेवायला अंडरस्कोर वापरतात: #दिवाळी_अंक. पण इथे एक मर्यादा आहे. #दिवाळी_अंक आणि #दिवाळीअंक हे दोन वेगळे टॅग ठरतात. लोक ज्या टॅगने शोधतात तो जोडून लिहिलेला असेल, तर आपली पोस्ट त्यात दिसणार नाही. मराठीत जोडशब्दांची सवय असल्याने ‘पुस्तकप्रदर्शन’सारखा शब्द सलग लिहिला तरी चालतो. चार-पाच शब्दांची माळ असेल तेव्हा अंडरस्कोर हवाच. मराठी शब्दाचा टॅग शक्यतो देवनागरीतच द्यावा, कारण रोमन अक्षरांतले मराठी इंग्रजी आवाज इंग्रजीच्या वळणाने उच्चारतो आणि शब्द ओळखू येत नाही. टॅग दोन-तीन पुरेत. ते वाक्याच्या मध्ये न पेरता शेवटी ठेवावेत, म्हणजे मजकूर ऐकून झाल्यावर पुढे सरकता येते.

उरले चित्राचे वर्णन. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि एक्स या तिन्ही ठिकाणी चित्रासोबत पर्यायी मजकूर लिहिण्याची सोय आहे, तिला ‘ऑल्ट टेक्स्ट’ म्हणतात. तो पोस्टवर उघड दिसत नाही, पण स्क्रीन रीडर चित्रापाशी आला की वाचतो. हा मजकूर न लिहिल्यास आपोआप तयार झालेले ढोबळ वर्णन मिळते किंवा नुसते ‘इमेज’ एवढेच. वर्णनाची सुरुवात ‘हा फोटो आहे’ अशी करू नये, कारण ते स्क्रीन रीडर आधीच सांगतो. काय दिसते ते एक-दोन वाक्यांत, महत्त्वाचे आधी या क्रमाने लिहावे. काय महत्त्वाचे हे पोस्टच्या हेतूवर ठरते. त्याच टेबलाचा फोटो सुताराने टाकला तर लाकूड आणि सांधे सांगावे लागतील, वाचनालयाने टाकला तर त्यावरचे अंक. ‘सुंदर’, ‘मनमोहक’ या शेऱ्यांपेक्षा रंग, माणसे, कृती सांगाव्यात. पोस्टरवर तारीख, वेळ, पत्ता असेल तर तो कॅप्शनमध्येच टंकावा. ऑल्ट टेक्स्टची सोय नसेल तिथे कॅप्शनच्या शेवटी ‘चित्रवर्णन’ असे लिहून पुढे वर्णन द्यावे.

हे सारे लक्षात घेतले की वाचनालयाचे कॅप्शन असे होते:

दिवाळी अंकांचे प्रदर्शन, वाचनालयाचा पहिला मजला. शनिवार आणि रविवार, सकाळी १० ते रात्री ८. प्रवेश विनामूल्य. अंक जागेवर चाळता येतील, सभासदांना घरी नेता येतील. 🪔
#दिवाळीअंक #MarathiVachan

आणि ऑल्ट टेक्स्ट असा: ‘प्रदर्शनाचे पोस्टर. लांब टेबलावर मांडलेले दिवाळी अंक, दोन शाळकरी मुली त्यातला एक उघडून पाहत आहेत. मागे केशरी आकाशकंदील. पोस्टरवरचा मजकूर कॅप्शनमध्ये दिला आहे.’

आपले कॅप्शन कसे ऐकू येते हे तपासायला वेगळे साधन लागत नाही. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’खाली टॉकबॅक असतो. तो सुरू झाल्यावर बोट उजवीकडे सरकवले की पुढची गोष्ट वाचली जाते आणि एखादे बटण दाबण्यासाठी दोनदा टिचकी मारावी लागते. नेहमीचे स्पर्श चालेनासे होतात, म्हणून तो बंद कसा करायचा हे आधी पाहून ठेवावे. मग डोळे मिटून पोस्ट ऐकावी. प्रदर्शन कुठे, कधी आणि कोणासाठी हे एकदा ऐकून कळले, तर कॅप्शन नीट झाले. पुन्हा ऐकावे लागले, तर ते अजून सुधारायला हवे.