पायथ्याशी गेल्यावर लपणारे शिखर

शाळेच्या भूगोलात नकाशाप्रमाण, दिशा आणि उठाव शिकवून झाले की नकाशावाचनाचे प्रश्न येतात. त्यांतला एक प्रश्न मला फार आवडतो. नकाशावर अ हे गाव आहे, ब हे शिखर आहे आणि शिखराच्या कड्याखाली क ही वाडी आहे. ब शिखर अ गावातून दिसेल का? क वाडीतून दिसेल का? घाईत उत्तर द्यायचे तर गाव लांब म्हणून नाही आणि वाडी जवळ म्हणून हो, असेच कोणीही लिहील. नकाशा नेमके उलटे सांगतो.

हा नकाशा प्रश्नासाठी रचलेला आहे, पण त्याची धाटणी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशाची, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या टोपोशीटची आहे. प्रमाण १:५०,०००, लगतच्या दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक आणि दर १०० मीटरची रेषा ठळक. अ गाव ६२० मीटरच्या रेषेवर आहे. ब शिखराची उंची १,०२० मीटर आहे. क वाडी ७४० मीटरच्या रेषेवर, अ ते ब जोडणाऱ्या सरळ रेषेतच आहे. पट्टीने मोजले तर अ ते ब ६.४ सेंमी आणि अ ते क ४.८ सेंमी भरते.

प्रमाणाचे गणित सोपे आहे. कागदावरचा १ सेंमी म्हणजे जमिनीवरचे ५०,००० सेंमी, अर्थात अर्धा किलोमीटर. म्हणून शिखर गावापासून ३.२ किमी आणि वाडी २.४ किमी अंतरावर आहे. इथली खरी चूक गुणाकारात होत नाही, छपाईत होते. मूळ नकाशाचा तुकडा पानात बसावा म्हणून लहान केला जातो किंवा झेरॉक्स मोठी काढली जाते, आणि कोपऱ्यातले १:५०,००० मात्र तसेच राहते. नकाशा निम्मा झाला तर त्याचे प्रमाण १:१,००,००० होते, पण छापलेला आकडा बदलत नाही. रेषाप्रमाणाचे असे होत नाही, कारण नकाशाबरोबर तेही तितकेच आक्रसते किंवा ताणले जाते. म्हणून नकाशावर दोन्ही दिलेली असतील तर आधी रेषाप्रमाणाचा १ किमीचा भाग पट्टीने मोजावा. तो २ सेंमी भरला तरच अंकप्रमाणावर विश्वास ठेवावा.

क्षेत्रफळ विचारले की आणखी एक खड्डा असतो. १ सेंमी म्हणजे अर्धा किमी, म्हणून १ चौरस सेंमी म्हणजे अर्धा चौरस किमी असे लिहून मुले मोकळी होतात. लांबीही अर्धी आणि रुंदीही अर्धी, त्यामुळे क्षेत्रफळ पाव चौरस किमी होते.

आता दिशा. अ पासून ब कोणत्या दिशेला आहे, असे विचारले तर मनाने अ वर उभे राहायचे. 'पासून' ज्या अक्षराला लागते तिथे कोनमापकाचा मध्यबिंदू ठेवायचा, शून्य अंश उत्तरेकडे धरायचा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने कोन मोजायचा. आपल्या नकाशात तो ५८ अंश येतो. ईशान्य ४५ अंशांवर आणि पूर्व ९० अंशांवर, म्हणून आठ दिशांपुरते उत्तर ईशान्य. उलट बाजूने विचारले तर १८० मिळवायचे. २३८ अंश म्हणजे नैऋत्य. नैऋत्य मोसमी वारे डोंगराच्या कोणत्या उतारावर थडकतील, हा पुढचा प्रश्न इथूनच सुटतो. गावाकडे तोंड करून असलेला उतारच त्यांच्या समोर येतो.

दिशेचाच, पण जास्त फसवा प्रश्न असतो वाडीजवळच्या ओढ्याचा. तो कोणीकडे वाहतो? रंगीत टोपोशीटवर पाणी निळे आणि समोच्च रेषा तपकिरी असतात, त्यामुळे गोंधळ होत नाही. प्रश्नपत्रिका काळ्या शाईत छापली की ओढा, पायवाट आणि समोच्च रेषा यांच्यातला फरक पुसट होतो. तेव्हा रेषांची वळणे बघावी लागतात. वाडीजवळ समोच्च रेषांना इंग्रजी व्ही अक्षरासारखे टोक आले आहे आणि ते शिखराकडे, म्हणजे जास्त उंचीच्या रेषांकडे वळलेले आहे. ही घळ आहे. पाणी टोकाच्या उलट बाजूला, नैऋत्येकडे जाते. हेच टोक कमी उंचीच्या रेषांकडे वळलेले असते तर ती डोंगराची सोंड ठरली असती आणि तिच्यावरून ओढा वाहिला नसता. नुसता आकार पाहून घळ आणि सोंड वेगळी करता येत नाही. रेषांवरचे आकडे कोणत्या बाजूला वाढतात, हे वाचल्याशिवाय उत्तर लिहूच नये.

आता चढाकडे येऊ. अ ते ब उंचीतला फरक ४०० मीटर, आडवे अंतर ३,२०० मीटर. भागाकार केला की उताराचे प्रमाण १:८ येते. पुस्तकी उत्तर इथे संपते, आणि मला ते अपुरे वाटते. १:८ म्हणजे साधारण सात अंशांचा चढ. तो संपूर्ण वाटेवर सारखा असता तर समोच्च रेषाही सारख्या अंतरावर असत्या. तशा त्या नाहीत. गावापासून वाडीपर्यंतच्या ४.८ सेंमीत रेषा विरळ आहेत: २.४ किमीत फक्त १२० मीटर चढ, म्हणजे १:२०. त्यापुढच्या अवघ्या २ मिलिमीटरमध्ये ७४० ते ८६० पर्यंतच्या सात रेषा एकमेकींना जवळपास चिकटल्या आहेत. हा कडा आहे. १०० मीटर पुढे जाताना १२० मीटर वर चढायचे. मग ८६० आणि ८८० या दोन रेषांमध्ये ८ मिलिमीटरची मोकळी जागा आहे, म्हणजे ४०० मीटर रुंदीची जवळजवळ सपाट पट्टी. शेवटच्या ६ मिलिमीटरमध्ये पुन्हा दाट रेषा, आणि मग शिखर.

सह्याद्रीत भटकणाऱ्याला ही रचना ओळखीची आहे. इथला बेसाल्ट एकावर एक साचलेल्या लाव्हाच्या थरांचा आहे. कठीण थर कड्यासारखे उभे राहतात आणि मऊ थर झिजून मागे सरकतात, त्यामुळे डोंगराची बाजू जिन्याच्या पायऱ्यांसारखी होते. कड्यावरच्या अशाच सपाट पट्ट्यांवर माच्या बांधल्या गेल्या. राजगडाच्या नकाशात पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या आणि मधला उंच बालेकिल्ला समोच्च रेषांवरून वेगळे काढता येतात. दाट, विरळ, पुन्हा दाट असा क्रम दिसला की कडा, माची आणि वरचा माथा समजावा.

आता 'दिसेल का' या प्रश्नासाठी उभा छेद काढू. कागदाची सरळ पट्टी अ आणि ब यांना जोडून ठेवायची. जिथे जिथे समोच्च रेषा पट्टीची कड छेदते तिथे खूण करायची आणि उंची लिहायची. मग ही पट्टी आलेखाच्या आडव्या अक्षावर ठेवून प्रत्येक खुणेच्या वर तिची उंची मांडायची आणि बिंदू जोडायचे. उभ्या अक्षासाठी १ सेंमी म्हणजे १०० मीटर घेऊ. आडव्या अक्षावर १ सेंमी म्हणजे ५०० मीटर आहे. म्हणून छेदात उंची पाचपट ताणलेली दिसते. ती ताणली नाही तर ४०० मीटरचा डोंगर कागदावर ८ मिलिमीटरचा उंचवटा होईल आणि माची दिसणारच नाही. मात्र या छेदावर कोनमापक ठेवून उतार मोजू नये, तो खोटा येतो. दृष्टीची रेषा मात्र बिनधास्त काढावी. सगळ्या उंची सारख्याच पटीने वाढवल्या तर सरळ रेषा सरळच राहते आणि कोण कोणाच्या वर आहे हे बदलत नाही.

अ पासून ब पर्यंत सरळ रेषा ओढू. वाटेत अडवू शकेल असा बिंदू म्हणजे माचीची कड, गावापासून २.५ किमीवर, उंची ८६० मीटर. दृष्टीची रेषा दर किलोमीटरला १२५ मीटर चढते, म्हणजे कडेवर ती ६२० अधिक ३१२, सुमारे ९३२ मीटर उंचीवर असते. कड तिच्या ७० मीटर खाली राहते. गावातून शिखर दिसते.

आता क वाडी. तिथून शिखर ८०० मीटरवर आणि २८० मीटर वर आहे. दृष्टीची रेषा दर १०० मीटरला ३५ मीटर चढते. माचीची कड वाडीपासून १०० मीटरवर आहे, तिथे रेषा ७७५ मीटरवर पोचते आणि कड आहे ८६० वर. वाडीतल्या माणसाला डोळ्यांसमोर फक्त कडा दिसतो. शिखर त्याच्या मागे दडले आहे.

यात मुलांना गुंतवणारा तिसरा प्रश्न दडला आहे: चालताना शिखर कुठे नाहीसे होईल? शिखरापासून माचीच्या कडेला टेकून जाणारी रेषा खाली तशीच वाढवायची. ती जिथे जमिनीला मिळते, तिथपासून पुढे शिखर दिसत नाही. आपल्या छेदात ती जागा गावापासून सुमारे १.८५ किमीवर, म्हणजे वाडीच्या अर्धा किलोमीटर अलीकडे येते. तिथून माचीवर पाऊल ठेवेपर्यंत शिखर लपलेलेच.

या उत्तराला मर्यादा आहेत आणि उत्तरात त्या लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण द्यावेत. इतक्या अंतरावर पृथ्वीच्या गोलाईचा फरक एक मीटरसुद्धा होत नाही, ती सोडून द्यावी. पण रेषांमधले अंतर २० मीटरचे आहे. दोन रेषांच्या मध्ये पंधरा-अठरा मीटरची टेकाड असेल तर ती नकाशावर उमटणारच नाही. गावाच्या बाबतीत ७० मीटरची मोकळीक आहे, म्हणून ते उत्तर टिकते. वाडीच्या बाबतीत कड दृष्टीच्या रेषेच्या ८५ मीटर वर आहे, तेही टिकते. १.८५ किमी या आकड्याचे तसे नाही. तिथे जमिनीची उंची दहा मीटरने चुकली तर ती जागा पन्नासेक मीटर पुढेमागे सरकेल. म्हणून तो आकडा 'सुमारे' म्हणूनच लिहावा. आणि गावाच्या वेशीवर आंब्याची जुनी राई असेल तर समोच्च रेषांना तिचा पत्ता नसतो. त्या फक्त जमिनीची उंची सांगतात.