परदेशी वाचकासाठी रक्कम आणि तारीख

पुण्यातल्या एखाद्या कारखान्याने अमेरिकेतल्या ग्राहकाला कोटेशन पाठवले. त्यात रक्कम आहे `Rs. 1,25,00,000` आणि मुदत `05/06/2026` पर्यंत. इथल्या वाचकाला दोन्ही गोष्टी लख्ख कळतात. तिथल्या वाचकाला स्वल्पविराम विचित्र जागी दिसतात, आणि मुदत तो ५ जूनऐवजी ६ मे समजतो, कारण अमेरिकेत महिना आधी लिहितात. मे महिन्यातच त्याने कोटेशन संपले म्हणून बाजूला ठेवले, तर चूक कुणाच्या लक्षातही येत नाही.

रकमेचा उपाय सोपा आहे. स्वल्पविराम काढून टाकावेत आणि उजवीकडून दर तीन अंकांनंतर पुन्हा द्यावेत: `12,500,000`. लाख-कोटीत लिहिलेली रक्कम असेल तर कोटींना दहाने गुणले की मिलियन मिळतात आणि लाखांना दहाने भागले की मिलियन मिळतात. सव्वा कोटी म्हणजे साडेबारा मिलियन, तर ४० लाख म्हणजे ४ मिलियन. शंभर कोटींचा एक बिलियन होतो. जर्मनीत मात्र जपून, तिथे याच नावाचा शब्द एका लाख कोटीसाठी वापरतात. शिवाय तिथे स्वल्पविराम हेच दशांशचिन्ह असल्याने `1,250` हा आकडा सव्वा असाही वाचला जाऊ शकतो. म्हणून आकड्यासोबत रक्कम अक्षरीही लिहावी, चेकवर लिहितात तशी.

चलनाचेही तसेच. `Rs` पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंकेतही चालते, आणि `$` हे चिन्ह सिंगापूर, कॅनडा, ऑस्ट्रेलियाही वापरतात. `INR`, `USD`, `SGD` हे तीन अक्षरी संकेत घातले की शंका उरत नाही.

तारखेत खरा धोका पहिल्या बारा दिवसांचा असतो. `25/06/2026` मध्ये पंचविसावा महिना नसल्याने वाचक आपोआप सावरतो. `05/06` मध्ये तशी खूण नसते. अमेरिकी मांडणीच्या संगणकावर एक्सेलमध्ये हीच यादी उघडली, तर बारापर्यंतच्या तारखा गुपचूप उलटतात आणि पुढच्या तारखा नुसता मजकूर म्हणून राहतात. एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या, की हा घोटाळा झाला असे समजावे. पत्रात `5 June 2026` असे महिन्याचे नाव लिहावे. यादीत किंवा फाइलच्या नावात `2026-06-05` लिहावे; वर्ष, महिना, दिवस हा क्रम आंतरराष्ट्रीय मानकाचा आहे.

मूळ कोटेशनमध्ये मग असे लिहिले जाईल:

```
INR 12,500,000 (twelve million five hundred thousand Indian rupees)
Valid until 5 June 2026
```

आर्थिक वर्षही नुसते `2025-26` लिहून भागत नाही, कारण अनेक देशांत ते १ एप्रिलला सुरू होत नाही. `1 April 2025 to 31 March 2026` असे पूर्ण लिहावे.