पन्नास सेकंदांतली कंदकूज

रहिमतपूर-कोरेगाव पट्ट्यात पावसाळ्याच्या मध्यावर आल्याचे प्लॉट पिवळे पडायला लागले, की पीक सल्लागारांचे फोन थांबत नाहीत. तेच तेच वीस जणांना सांगण्यापेक्षा एक छोटा व्हिडिओ करून टाकावा, हे बहुतेकांना पटलेलं आहे. आधी हूक, मग स्टोरी, शेवटी कॉल टू अ‍ॅक्शन हा साचाही पाठ झालाय. तरी व्हिडिओ फसतात. मला याचं एक कारण दिसतं. हा साचा मार्केटिंगमधून आला. अमेरिकेतल्या रसेल ब्रन्सन यांनी जी मांडणी लोकप्रिय केली तिच्यात तिसरा शब्द ‘ऑफर’ आहे, म्हणजे शेवटी काहीतरी विकायचंच आहे. सल्लागाराला मात्र समोरच्याकडून आधी नीट निरीक्षण करून घ्यायचं असतं. हा फरक सुटला की तिन्ही भागांबद्दल गैरसमज सुरू होतात.

‘हूक म्हणजे माणसाला दचकवणं.’

“ही चूक कराल तर अख्खा प्लॉट जाईल!” असं ओरडलं की अंगठा क्षणभर थांबतो, हे खरं. पण थांबलेल्याला हे आपल्यासाठी आहे की नाही तेच कळत नाही. ऊसवाला थांबतो, सोयाबीनवाला थांबतो आणि दोघेही पुढे सरकतात. हूकने दोनच गोष्टी सांगायच्या असतात: हे कोणासाठी आहे आणि बघून हाती काय लागेल. “नमस्कार शेतकरी बंधूंनो, मी अमुक, बीएस्सी अ‍ॅग्री” यातलं एकही काम करत नाही. नाव-पदवी पट्टीवर लिहा, बोलू नका.

आल्याचंच उदाहरण घेऊ. पहिल्याच चित्रात एक हात पिवळा फुटवा धरून हलकेच ओढतो आणि तो बुडख्यापासून सुटून हातात येतो. त्यावर आवाज: “आलं पिवळं पडलंय? आळवणी करायच्या आधी एक फुटवा ओढून बघा.” चार-पाच सेकंदांत पीक कळलं, अडचण कळली, करायचं काय तेही कळलं. आवाज बंद ठेवून बघणाऱ्यालाही चित्र पुरतं, आणि असे लोक कमी नसतात. इथे उत्तर आधीच फोडलं असं वाटेल. तसं नाही, ओढून काय कळतं ते अजून सांगायचंय.

व्ह्यूज भरपूर आले म्हणजे हूक जमला, हा याचाच जोडगैरसमज. यूट्यूब शॉर्ट्सवर 31 मार्च 2025पासून व्हिडिओ नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरला जातो, किती सेकंद पाहिला याची अट नाही. जुन्या पद्धतीची मोजणी स्टुडिओत Engaged views या नावाने वेगळी दिसते. तो आकडा बघा, आणि किती जण थांबले, किती जणांनी सरकवलं हे प्रमाण बघा.

‘स्टोरी म्हणजे यशोगाथा.’

सगळ्यांत जास्त गोंधळ इथे आहे. एकरी उत्पन्नाचा आकडा, हसरे शेतकरी, मागे संगीत. बघणाऱ्याला त्यातून स्वतःच्या प्लॉटवर करण्यासारखं काही मिळत नाही. शिकवणाऱ्या व्हिडिओत गोष्ट एका निर्णयाची असते: आधी काय वाटलं, काय पाहिलं, म्हणून काय बदललं.

समजा प्लॉट एकच आहे, पण वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही टोकांना पिवळेपणा आहे. मालक संपूर्ण क्षेत्रावर बुरशीनाशकाची आळवणी करणार आहे. वरच्या टोकाला कोवळी पानं पिवळी आहेत, पण शिरा हिरव्या आहेत. फुटवा ओढला तर हलत नाही. जमीन चुनखडीची. इथे लोहाच्या कमतरतेचा संशय घ्यायचा. बुरशीनाशकाने ती भरून निघणार नाही. खालच्या टोकाला सरीत पाणी साचलंय. खालची पानं शेंड्याकडून पिवळी होत आलीत, फुटवा अलगद निघतो, बुडखा मऊ, पाणचट आणि घाण वासाचा. ही कंदकूज. पिथियम बुरशीला साचलेलं पाणी मानवतं आणि ती पाण्याबरोबर पुढच्या वाफ्यात जाते, म्हणून पहिलं काम चर काढून पाणी बाहेर घालवणं. औषध त्यानंतर.

एवढं सांगायला पस्तीस सेकंद पुरतात. शांतपणे बोललं तर मिनिटाला साधारण 120 शब्द जातात, म्हणजे या भागाला सत्तरेक. मघाचा परिच्छेद तेवढ्यात बसत नाही. पानांचे रंग, पाणी आणि बुडखा कॅमेऱ्याने दाखवायचे, तोंडाने फक्त “म्हणून” सांगायचं. ही कात्री जमली नाही की लोक बोलण्याचा वेग वाढवतात, आणि मग ऐकणाऱ्याला दोन्ही टोकं एकच वाटतात.

शॉर्ट्सची मर्यादा 15 ऑक्टोबर 2024पासून तीन मिनिटांची झाली आहे. म्हणून तीन मिनिटं भरायलाच हवीत असं नाही. उदाहरणार्थ, आल्याची जिवाणूजन्य मर हा वेगळा रोग. तिच्यात कापलेला फुटवा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरला की दुधट धागे उतरतात. ही चाचणी झकास दिसते, पण ती याच व्हिडिओत कोंबली तर फुटवा ओढायचं राहून जातं. तिला दुसरा व्हिडिओ द्या.

एक अट मात्र याच व्हिडिओत बोलायला हवी, सेकंद गेले तरी चालतील: “फुटवा निघाला नाही म्हणजे कूज नाहीच, असं समजू नका.” सुरुवातीची कूज ओढून कळत नाही, संशय असेल तिथला एक गड्डा उकरून बघावा लागतो. आणि औषधाचं नाव-प्रमाण? मी ते अशा व्हिडिओत घालणार नाही. ते कोणत्या पिकाच्या कोणत्या रोगासाठी मंजूर आहे हे लेबलवर असतं. पन्नास सेकंदांत नाव तेवढं लक्षात राहतं आणि वरच्या टोकालाही तेच ओतलं जातं.

‘शेवटी लाइक, शेअर, सबस्क्राइब, लिंक खाली दिली आहे.’

शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि कमेंटमधल्या लिंक 31 ऑगस्ट 2023पासून दाबल्या जात नाहीत. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधल्या लिंकचंही तेच. म्हणजे ‘लिंक खाली’ म्हणणारा माणसाला बंद दाराकडे पाठवतो. सविस्तर माहिती द्यायची तर शॉर्टला आपला मोठा व्हिडिओ ‘संबंधित व्हिडिओ’ म्हणून जोडता येतो.

पण त्याहून मोठी चूक म्हणजे एका दमात चार कामं सांगणं. आपल्या व्हिडिओचा शेवट असा करता येईल: “आज प्लॉटमध्ये पाच ठिकाणी फुटवा ओढा. निघाला, तर त्याच्या बुडख्याचा फोटो मला पाठवा.” हे काम फुकट आहे, आजच होणारं आहे, आणि येणारा फोटो सल्लागारालाही उपयोगी आहे. पुढे आपल्याच दुकानातलं औषध सुचवणार असाल किंवा कंपनीकडून काही घेत असाल, तर ते त्याच व्हिडिओत सांगायचं.

फसलं कुठे हे स्टुडिओतल्या प्रेक्षक टिकण्याच्या आलेखावरून बरंचसं कळतं. पहिल्या तीन सेकंदांतच रेघ कोसळली तर हूक चुकीच्या माणसांना बोलावतोय किंवा आधी नमस्कार चाललाय. हूकनंतर एकदम घसरली तर दिलेला शब्द सोडून तुम्ही दुसरंच बोलू लागलात. शेवटापर्यंत टिकली, तरी फोटो नाहीत, कमेंटमध्ये फक्त “कोणतं औषध मारू?” असेल, तर बघणाऱ्यांनी फुटवा ओढलेलाच नाही, मधल्या भागात तुम्ही औषधाला जास्त वेळ दिला असण्याची शक्यता मोठी. आणि फोटो येतायत, पण पानांचेच येतायत? मग बुडखा पडद्यावर पुरेसा वेळ दिसला नाही. तेवढा तुकडा पुन्हा जवळून चित्रित करा.