पावसातून पाऊस शोधताना

संगणकावरच्या मराठी शब्दकोशात ‘पावसात’ असे टंकून पाहा. शब्द सापडला नाही तर त्याचे कारण उघड आहे. कोशात ‘पाऊस’ आहे, ‘पावसात’ नाही. प्रत्यय लागताना मराठी नाम स्वतःच बदलते: पाऊसचे पावसा, माणूसचे माणसा, फूलचे फुला. शाळेत याला आपण सामान्यरूप म्हणतो. एकेका नामाची प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये लागून झालेली रूपे मोजायला बसलो तर ती शेकड्यांत जातात. ती सगळी कोशात भरण्यापेक्षा बदलाचे नियमच यंत्राला शिकवणे शहाणपणाचे. त्यासाठी जे साधन वापरतात त्याचे नाव फायनाइट-स्टेट ट्रान्सड्यूसर, म्हणजे मर्यादित अवस्थांचे रूपांतरयंत्र.

हे यंत्र शब्द एकेका अक्षरचिन्हाने वाचते आणि वाचता वाचता दुसरा शब्द लिहीत जाते. त्याच्याजवळ मोजक्या अवस्था असतात. प्रत्येक चिन्हावर ते एका अवस्थेतून दुसरीत जाते, आणि आतापर्यंत काय वाचले याची त्याला असलेली आठवण तेवढीच.

‘प्रत्ययाआधी ऊचा व होतो’ हा नियम घेऊ. कोशातून यंत्राला ‘पाऊस^ात’ असा मजकूर मिळतो. मधली ^ ही खूण म्हणजे नाम आणि पुढचा भाग यांच्यातली सीमा. प, काना, मग ऊ आला. इथे यंत्र अडते, कारण पुढे सीमा येणार की शब्द तिथेच संपणार हे त्याला अजून ठाऊक नाही. म्हणून ते दोन वाटा धरते. एका वाटेवर ते व लिहिते आणि पुढे एक व्यंजन व त्यालगत सीमा येईल अशी अट मनाशी धरते. दुसऱ्या वाटेवर ऊ तसाच ठेवते आणि तसे घडणार नाही असे गृहीत धरते. पुढे स आला, मग ^ आली. पहिली वाट तगली, दुसरी तिथेच संपली. नुसता ‘पाऊस’ असता तर याच्या उलट झाले असते.

आता असे अनेक नियम लागतात. ‘फोमा’ हे माँस हुल्डेन यांनी लिहिलेले मोफत साधन यासाठी वापरता येते. त्यात आपले काम असे दिसेल (व्यंजनांची, दीर्घ स्वरचिन्हांची आणि नामांची यादी आधी दिली आहे असे समजा):

```
define VaKar  "ऊ" -> "व" || _ Vyanjan "^" ;
define Lop    "ू" -> 0 || Dirgha Vyanjan _ Vyanjan "^" ;
define Hrasva "ू" -> "ु" || _ Vyanjan "^" ;
define Seema  "^" -> 0 ;
regex Kosh .o. VaKar .o. Lop .o. Hrasva .o. Seema ;
```

पहिल्या नियमाने पाऊसचे पावसा होते आणि देऊळचे देवळा. दुसऱ्या नियमाने, आधीचे अक्षर दीर्घ असेल तर मधला ऊकार गळतो: माणूस, माणसाला, लाकूड, लाकडाला. तिसऱ्याने उरलेला ऊकार ऱ्हस्व होतो: फूल, फुलात. चौथा नियम सीमेची खूण पुसतो. ईकाराचे नियमही याच धर्तीचे आहेत: बेरीज, बेरजेत, विहीर, विहिरीत.

शेवटच्या ओळीतले `.o.` हे चिन्ह म्हणजे संयोग, आणि सगळी किमया तिथे आहे. पहिले यंत्र जे चिन्ह लिहिते तेच दुसरे वाचते. मग मधला मजकूर कागदावर उतरवायचाच कशाला? पहिले यंत्र कुठल्या अवस्थेत आहे आणि दुसरे कुठल्या, ही जोडी हीच नव्या यंत्राची एक अवस्था धरायची. दहा अवस्थांच्या यंत्राला सहा अवस्थांचे जोडले तर फार तर साठ जोड्या होतील, आणि त्यांतल्या पुष्कळशा कधीच गाठल्या जात नाहीत. असे करत कोश आणि चारही नियम मिळून एकच यंत्र उरते, ज्याच्या एका टोकाला ‘माणूस’ आहे आणि दुसऱ्या टोकाला थेट ‘माणसाला’. मधले टप्पे नाहीसे होतात.

ध्वनिनियमांना हे लागू पडते हे सी. डग्लस जॉन्सन यांनी 1972 मध्ये दाखवले होते. नियम स्वतःच्याच उत्तरावर पुन्हापुन्हा चालवला जात नसेल तर त्याचे मर्यादित अवस्थांचे यंत्र बनते, असे त्यांनी सिद्ध केले. त्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. रोनाल्ड कॅपलान आणि मार्टिन के यांनी तेच स्वतंत्रपणे शोधून 1981 मध्ये मांडले, पण त्यांचा सविस्तर लेख छापून आला 1994 मध्ये. दरम्यान फिनलंडच्या किम्मो कोस्केनिएमी यांनी 1983 मध्ये फिनिश भाषेसाठी वेगळी वाट काढली: नियम एकामागून एक न लावता सगळे एकाच वेळी समांतर तपासायचे. त्या काळच्या संगणकांना मोठे संयोग पेलणारे नव्हते, त्यामुळे ती वाट बरीच वर्षे चालली.

एकामागून एक नियम लावण्यात धोका असतो तो क्रमाचा. वरच्या ओळीत Hrasva आधी आणि Lop नंतर लिहून पाहा. ‘माणूस^ाला’चे आधी ‘माणुस^ाला’ होते. मग Lop दीर्घ ऊकार शोधतो, तो आता उरलेलाच नाही. उत्तर येते ‘माणुसाला’. यंत्र कुठेही तक्रार करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काहीच चुकलेले नाही. चूक कळते ती उलटे चालवल्यावर. `up माणसाला` असे विचारले की एकही उत्तर येत नाही. म्हणून विशेष नियम आधी आणि सामान्य नियम नंतर. पाणिनीनेही अष्टाध्यायीच्या शेवटच्या तीन पादांत नियमांना असाच काटेकोर क्रम दिला आहे.

उलटे चालवता येणे हा या यंत्राचा मोठा गुण. एकाच यंत्राने रूप घडवता येते आणि ओळखताही येते. पण नुसते नियम उलटे चालवले तर अनर्थ होतो. सीमा पुसण्याचा नियम उलटा केला की तो कुठेही, कितीही सीमा घालू शकतो, आणि ‘माणसाला’ला अगणित मूळरूपे निघतात. नियमांना कोश जोडलेला असला म्हणजे त्यांतले ‘माणूस’ तेवढे टिकते. कोश बाहेर ठेवून नंतर उत्तरे चाळत बसण्यापेक्षा तो संयोगातच घालणे म्हणूनच केव्हाही बरे.

तरीही एक अडचण नियमांनी सुटत नाही. भाकरीचे पीठ ‘पिठात’ होते, पण विद्यापीठ ‘विद्यापीठात’च राहते. दूधचे दुधात, पण गीतचे गीतात. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द उपान्त्य दीर्घ राखतात, आणि शब्द कुठून आला हे त्याच्या अक्षरांवरून यंत्राला कळत नाही. वृत्तपत्रांत ‘विद्यापिठात’ छापले जाते तेव्हा माणसाकडूनही हीच गफलत झालेली असते. यावर उपाय सोपा पण कष्टाचा आहे. कोशात तत्सम नामांपुढे ^ ऐवजी वेगळी खूण द्यायची. नियमांना ती खूण दिसतच नाही, म्हणून ते स्वस्थ बसतात, आणि शेवटी ती पुसली जाते.

असेच ‘उंदीर’चे. वरच्या धर्तीवर ईकाराचे नियम लिहिले तर उत्तर येते ‘उंदिराला’, कारण उं दीर्घ नाही. मराठी बोलते ‘उंदराला’. म्हणजे आधीचे अक्षर दीर्घ हवे ही अट पुरत नाही, तीत अनुस्वारही धरावा लागतो. अशी रूपे पुस्तकातल्या नियमांतून सापडत नाहीत. माहीत असलेल्या योग्य रूपांची यादी यंत्रातून चालवली की जी अडकतात ती दिसतात.

साधने मोफत आहेत आणि गणित केव्हाच सुटले आहे. उणीव आहे ती खुणा केलेल्या शब्दयादीची: लिंग कोणते, शब्द तत्सम की नाही, सामान्यरूप कसे. ते काम संगणकतज्ज्ञाचे नाही, मराठी व्याकरण जाणणाऱ्याचे आहे. ज्यांना ते येते त्यांनी आपल्या परिचयाच्या शे-दोनशे नामांपासून सुरुवात करावी आणि यादी सर्वांना खुली ठेवावी.