कार्डावर 'ओ', नळीत भलतंच

१९५२ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही माणसांचं रक्त कोड्यात टाकत होतं. नेहमीच्या तपासणीत ते 'ओ' दिसायचं, पण 'ओ' गटाच्या दात्यांचं रक्त त्याच्याशी मिसळलं की गुठळ्या व्हायच्या. त्याच वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा नवा रक्तगट जाहीर झाला आणि त्याला शहराचं नाव मिळालं. शहर पुढे मुंबई झालं. रक्तगट मात्र अजून 'बॉम्बे'च आहे.

हे कोडं समजायला खुंटी आणि सदरा आठवावा. तांबड्या पेशीवर साखरेच्या रेणूंच्या साखळ्या असतात. एक एन्झाइम साखळीच्या टोकाला फ्यूकोज नावाची साखर जोडतं आणि एच प्रतिजन तयार होतो. ही झाली खुंटी. 'ए' गटात तिच्यावर एक साखर टांगली जाते, 'बी' गटात दुसरी, 'एबी'त दोन्ही प्रकार आढळतात. 'ओ' गटाच्या माणसाची खुंटी रिकामी असते, पण असते. बॉम्बे गटात खुंटीच नसते. ते एन्झाइम घडवणारं जनुक दोन्ही बाजूंनी बिघडलेलं असतं, त्यामुळे ए किंवा बी चं जनुक शाबूत असलं तरी त्याला काही टांगायला जागाच नाही.

आता तपासणीकडे येऊ. काचपट्टीवर रक्ताच्या थेंबांत अँटी-ए आणि अँटी-बी ही द्रावणं घातली जातात. दोन्हीकडे गुठळी झाली नाही की 'ओ' असा शिक्का बसतो. या तपासणीचा प्रश्न एवढाच असतो, की सदरा आहे का? खुंटी आहे का, हे ती विचारतच नाही. शिबिरात आणि घाईच्या वेळी बहुधा एवढ्यावरच भागतं.

समजा, तालुक्याच्या गावी एका बाळंतिणीला रक्तस्राव होतो आहे. तिच्या कार्डावर 'ओ पॉझिटिव्ह' लिहिलं आहे, आणि रक्तपेढीत त्या गटाच्या चार पिशव्या आहेत. क्रॉसमॅचसाठी तंत्रज्ञ तिचा सीरम पहिल्या पिशवीतल्या पेशींबरोबर मिसळतो. घट्ट गुठळी. दुसरी पिशवी, तेच. चौथीपर्यंत तेच. तिचा सीरम तिच्याच पेशींना मात्र काही करत नाही. इथे अनुभवी तंत्रज्ञ पिशव्यांवर संशय घेणं सोडतो आणि बाईचा गट पुन्हा तपासतो. उलट तपासणीत तिचा सीरम तयार ए पेशी, बी पेशी आणि ओ पेशींबरोबर वेगवेगळ्या नळ्यांत मिसळतात. साध्या 'ओ' माणसाचा सीरम तिसऱ्या नळीत शांत बसतो. हिच्या सीरमने तिसऱ्या नळीतही गुठळी केली. खरी गोम इथे आहे: अनेक ठिकाणी ओ पेशींची ती तिसरी नळी लावलीच जात नाही, आणि पहिल्या दोन नळ्यांत बॉम्बे आणि ओ यांच्यात काहीच फरक दिसत नाही. मग खात्रीसाठी तिच्या पेशींवर अँटी-एच द्रावण घालतात. ते युलेक्स नावाच्या काटेरी झुडपाच्या बियांपासून काढतात. 'ओ' पेशी त्याने झटकन गोळा होतात, बॉम्बेच्या पेशी ढिम्म हलत नाहीत.

क्रॉसमॅच टाळून ती पिशवी लावली असती तर? बॉम्बे गटाच्या माणसात अँटी-ए आणि अँटी-बी यांच्या जोडीला अँटी-एच प्रतिपिंडही उपजतच तयार होतं आणि ते शरीराच्या तापमानातही जोमाने काम करतं. चढवलेल्या पेशी रक्तवाहिनीतच फुटतात, लघवी लालभडक होते, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. अडीअडचणीला 'ओ' कुणालाही चालतं, हा भरवसा इथे कोसळतो. बॉम्बेला फक्त बॉम्बेच चालतं, आणि त्यातही आरएच जुळावा लागतो.

असा दाता मिळणार कुठे? युरोपात दहा लाखांत एखादा, भारतात साधारण दहा हजारांत एक असं प्रमाण सांगतात. मुंबई परिसरात ते याहून थोडं जास्त आढळलं आहे. म्हणजे मोठ्या शहरात अशी माणसं शेकड्यांनी असावीत. पण त्यांतल्या बहुतेकांच्या खिशात 'ओ'चं कार्ड असतं, आणि माणूस निरोगी असल्यामुळे फेरतपासणीचं काही कारणच पडत नाही. जे सापडले त्यांचंही रक्त आधीच काढून फार दिवस ठेवता येत नाही: साधी पिशवी ३५ ते ४२ दिवस टिकते. ग्लिसरॉल घालून गोठवलं तर वर्षानुवर्षं राहतं, पण ती सोय मोजक्याच ठिकाणी आहे. पुरुष दाता तीन महिन्यांनी, स्त्री दाता चार महिन्यांनीच पुन्हा रक्त देऊ शकते. म्हणून नियोजित शस्त्रक्रिया असेल तर रुग्णाचंच रक्त आधी काढून ठेवतात.

बाळंतिणीला तेवढी सवड नसते. अशा वेळी आधी माहेरी फोन लावतात. आईवडील दोघेही बिघडलेल्या जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक सख्ख्या भावंडाचा गट बॉम्बे असण्याची शक्यता चारात एक असते. दहा हजारांत एकाच्या शोधापेक्षा हे कितीतरी बरं. भाऊ आपलं कार्ड घेऊन धावत येतो. त्यावरही 'ओ पॉझिटिव्ह'च लिहिलेलं असतं, म्हणून कार्ड बाजूला ठेवून त्याच्याही रक्ताचा थेंब आधी त्या झुडपाच्या अर्कात घातला जातो.