पकड तीच, मनगट वेगळं

४ जून १९९३, ओल्ड ट्रॅफर्ड. शेन वॉर्नचा ॲशेसमधला पहिलाच चेंडू माइक गॅटिंगकडे सरळ निघाला, उतरताना लेगकडे सरकला, लेग स्टंपच्या बऱ्याच बाहेर टप्पा पडला आणि तिथून वळून ऑफ स्टंपवर आदळला. चेंडू हातातून सुटला तेव्हाच हे सारं ठरून गेलं होतं.

लेगस्पिनसाठी तर्जनी आणि मधलं बोट शिवणीवर आडवी बसतात, तर अनामिका दुमडून शिवणीला कडेनं टेकते. अंगठा नुसता आधाराला. चेंडू तळव्यात दाबून धरला की फिरक मेलीच. आत वळवलेलं मनगट सोडताना झटक्यात उलगडतं आणि शेवटचा जोर अनामिका देते. गोलंदाजाच्या बाजूनं पाहिलं तर चेंडू घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. तो खाली येऊ लागला की मार्ग झुकतो, फिरण्याचा आस मात्र तसाच राहतो. त्यामुळे हवा त्याला उजव्या फलंदाजाच्या पायांकडे ढकलते. टप्प्यावर शिवण खेळपट्टीला धरते आणि चेंडू उलट, ऑफकडे वळतो. गॅटिंगला चकवलं ते या दोन विरुद्ध हालचालींनी.

शिवण पहिल्या स्लिपकडे रोखलेली असेल तर वळणाबरोबर थोडी पुढची फिरकही मिळते आणि चेंडू अपेक्षेआधीच खाली येतो. मनगट आणखी वळवलं की शिवण थेट फलंदाजाकडे बघते. तो टॉपस्पिन, जो सरळ जातो पण उसळतो. त्याहून पुढे, हाताची मागची बाजू फलंदाजाला दिसेपर्यंत मनगट वळलं, की शिवण फाइन लेगकडे जाते आणि चेंडू आत येतो. हीच गुगली. तिन्हींत बोटं जागची हलत नाहीत! आपल्या मुंबईच्या सुभाष गुप्ते यांच्याकडे तर दोन तऱ्हेच्या गुगली होत्या. १९५८ मध्ये कानपूरला वेस्ट इंडिजचे ९ बळी त्यांनी १०२ धावांत घेतले.

ऑफस्पिनही गुगलीसारखी आतच येते, पण तिथे राबते ती तर्जनी. तर्जनी आणि मधलं बोट शिवणीवर फाकवायची आणि दाराची गोल मूठ उजवीकडे फिरवावी तसा चेंडू सोडायचा. मनगटाचा वाटा कमी, म्हणून दिशेवर ताबा ठेवणं सोपं.

चूक ओळखायची ती शिवणीवरून. हवेत ती स्थिर रेघ दिसली पाहिजे. लडबडली, तर बोटांनी चेंडू नीट फिरवलेला नाही, आणि टप्पा शिवणीऐवजी गुळगुळीत चामड्यावर पडून वळण कमी मिळण्याची शक्यता वाढते. गुगलीच्या मागे लागलेल्या पोरांचं आणखी एक दुखणं असतं: मनगट वळलेलंच राहतं आणि लेगब्रेक सरळ जाऊ लागतो. अशा वेळी गुगली काही काळ बंद ठेवावी. धावपट्टा न घेता, जागेवर उभं राहून, शिवण स्लिपकडे रोखून जवळच्या जोडीदाराकडे चेंडू सोडत राहावा. शिवण कुठे बघतेय, ते तोच सांगेल.