ओव्हनच्या नॉबवरची चित्रं कशी वाचाल?

ओव्हनच्या नॉबभोवती शब्द कमी आणि चित्रंच जास्त असतात. समजा, वाराणसीला शिकायला गेलेल्या भाचीने भाड्याच्या घरातल्या ओव्हनचा फोटो पाठवला आणि विचारलं, “मावशी, नानकटाई करायची आहे. नॉब कुठे ठेवू गं?” तर मावशीने फोटोत काय पाहायचं?

आधी फोटो समोरून, नॉबच्या सरळ रेषेत काढलेला आहे का, ते बघावं. तिरक्या फोटोत काटा 180 वर असला तरी 200 वर दिसू शकतो. मग आकडे पाहावेत. ते 250 च्या आसपास संपत असतील तर तापमान सेल्सिअसमध्ये आहे. 450 किंवा 500 पर्यंत गेले असतील तर ते फॅरनहाइट आहे. पाककृतीतलं 350 फॅरनहाइट म्हणजे साधारण 175 ते 180 सेल्सिअस.

आता चित्रांकडे वळू. चौकोनात वर एक आणि खाली एक सरळ रेघ असेल, तर वरची आणि खालची अशा दोन्ही कॉईल तापतात. फक्त खालची रेघ असेल तर खालचीच कॉईल. वरच्या बाजूला नागमोडी रेघ असेल तर ते ग्रिल. त्यात वरून थेट, तीव्र आच मिळते. ते पनीर टिक्का किंवा वरचं चीज खरपूस करण्यासाठी चांगलं, केक-बिस्किटांसाठी नाही.

पंख्याच्या चित्राने मात्र अनेकांची फसगत होते. पंख्याभोवती गोल किंवा वर-खाली रेघा असतील तर गरम हवा आत फिरते. पण नुसताच पंखा असेल, तर बऱ्याच ओव्हनमध्ये उष्णता न देता फक्त हवा फिरते. ते गोठलेले पदार्थ सैल करण्यासाठी असतं. कंपनीनुसार चिन्हं थोडी बदलतात, म्हणून माहितीपुस्तिका एकदा पाहून घ्यावी.

मग भाचीला उत्तर काय द्यायचं? दोन सरळ रेघांचं चित्र, 180 सेल्सिअस आणि दहा मिनिटं ओव्हन आधी तापवणं. तापमान आलं की बहुतेक ओव्हनमधला छोटा दिवा विझतो. मग ट्रे मधल्या कप्प्यात ठेवून पंधरा मिनिटं भाजावं, पण बाराव्या मिनिटाला एकदा डोकवावं. गरम हवेचा पंखा चालू असेल तर 160 पुरे, कारण फिरती हवा पदार्थ लवकर भाजते. कडा फिकट सोनेरी झाल्या की ट्रे बाहेर काढावा. नानकटाई तेव्हा मऊच लागते, गार झाल्यावर ती खुसखुशीत होते.

नानकटाई वरून काळपट आणि आतून कच्ची राहिली, तर नॉब बहुधा नागमोडी रेघेवर होता. तळ करपला आणि वरचा भाग पांढराच राहिला, तर फक्त खालची कॉईल चालू होती. पीठ बदलण्याआधी नॉब तपासावा.